आधी वाळू, मग मीठ

ही कॅमेऱ्याची लेन्स परवा दिवसभर गुहागरच्या किनाऱ्यावर होती. मुद्दाम तशीच आणली आहे. टॉर्च तिरका धरतो, म्हणजे दिसेल. जांभळट-हिरवी झाक आहे ना, ते कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप. त्यावर चमचमणारे कण म्हणजे वाळू आणि पांढुरके ठिपके म्हणजे वाळलेलं खारं पाणी. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

आधी वाळू. तिच्यातलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. कोटिंगचा एकेक थर जेमतेम १०० नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीचे सातशे भाग केले तर त्यातला एक. म्हणजे आत्ता कापड फिरवलं, तर मी पॉलिश पेपरच घासतोय. म्हणून लेन्सचं तोंड खाली आणि खालून हा रबरी ब्लोअर. पाच-सहा जोरदार फुंका, कण खाली पडतात. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार उडतात. दाबून भरलेल्या हवेचा डबाही नको. तो कलला की आतला थंडगार द्रव थेट काचेवर येतो.

कडेच्या खाचेतले कण हट्टी असतात. त्यांना ब्रश, पण केस मऊ हवेत आणि हात हलका. ब्रशच्या केसांना बोट लावायचं नाही, नाहीतर बोटांचं तेल काचेवर जातं. मेकअपचा जुना ब्रश आणू नका, कृपा करून!

आता मीठ. इथे बहुतेक जण चुकतात: लगेच लेन्स क्लीनर काढतात. त्यातल्या पुष्कळांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, आणि त्यात मीठ जवळजवळ विरघळत नाही. ठिपका फक्त पसरतो. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर. लेन्स टिश्यूची घडी घालून तिच्यावर दोन थेंब. काचेवर कधीच नाही, कारण थेंब कडेच्या फटीतून आत शिरतो. ओला टिश्यू ठिपक्यावर नुसता टेकवून ठेवा. मीठ विरघळलं की उचला. दाबायचं नाही, घासायचं नाही. नवी घडी घेऊन पुन्हा तेच.

त्यानंतर राहतो बोटांचा तेलकटपणा. त्याला अल्कोहोल चालतं, तेही कापडावर, मध्यापासून कडेकडे गोल फिरवत. मायक्रोफायबर कापड धुतलेलं हवं, पण फॅब्रिक सॉफ्टनरशिवाय. त्याचा थर काचेवर ओघळ उमटवतो. ॲसिटोन मात्र घरात असलं तरी इकडे आणू नका, प्लॅस्टिकची रिंग विरघळेल.

पुन्हा टॉर्च तिरका. डाग गेले. ही एक बारीक रेघ राहिली, बघा. ती परवाची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मीच घाईत लेन्स शर्टाच्या टोकाने पुसली होती. एरवी फोटोत ती दिसत नाही. सूर्य समोर असला की मात्र थोडी धूसर छटा येते.