दार लावलं की बेल का वाजत नाही

मंडळी, आमचं घर जुन्या इमारतीत आहे. जिन्याकडची भिंत १४ इंची, विटांची, आणि बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर. तिथे मी वायरलेस बेल बसवली. खोक्यावर १०० मीटर पल्ला लिहिलेला. बटण दुहेरी टेपने थेट लोखंडी दारावर चिकटवलं. दार उघडं ठेवून दाबलं की बेल वाजायची, दार लावलं की चूप. मी सेल बदलला, दुकानदाराशी वाद घातला. दोष बेलचा नव्हताच.

तो पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. बटणातून निघणाऱ्या रेडिओलहरी विटांतून जाताना क्षीण होतात, पण पार जातात. लोखंडी पत्र्यातून मात्र त्या जातच नाहीत, फटीतून किंवा शेजारच्या भिंतीतून वाट काढतात. त्यात बटण पत्र्याला चिकटलेलं असेल तर त्याचा अँटेनाच बिघडतो. मी बटण काढून भिंतीवर लावलं, चौकटीपासून वीतभर लांब. आतला रिसीव्हर स्वयंपाकघरातून उचलून हॉलमधल्या प्लगला लावला. तेव्हापासून दार बंद असतानाही बेल वाजते. म्हणून बटण आधी नुसतं हाताने धरून, दार बंद करून, दहा वेळा दाबून बघा. टेप नंतर.

व्हिडिओ बेलची अडचण याहून मोठी. ती बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालते आणि तिला चित्र सतत आत पाठवायचं असतं. घेण्याआधी एक करा: मोबाइल डेटा बंद करा, फोन त्याच वायफायवर ठेवा, दाराबाहेर उभे राहा, दार लावून घ्या आणि व्हिडिओ कॉल लावा. चित्र अडकलं तर बेलवरही अडकणार. राउटर दाराजवळ आणा, नाहीतर जोडीला दुसरा बसवा.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. आपल्याकडे जुन्या डिंगडाँग बेलच्या बटणापर्यंत बहुतेक घरांत थेट २३० व्होल्ट येतात. अमेरिकेत मात्र तिथे ट्रान्सफॉर्मरमधून १६ ते २४ व्होल्ट येतात, आणि वायरवर चालणाऱ्या पुष्कळ व्हिडिओ बेल त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. नातेवाइकांनी तिकडून आणलेली बेल जुन्या बटणाच्या जागी जोडली तर ती जळेल, जोडणाऱ्याला शॉकही बसू शकतो. इलेक्ट्रिशियनला आधी मेन बंद करायला सांगा, बटणाच्या दोन्ही वायरी घरातल्या कोणत्या बोर्डात निघतात ते शोधायला लावा, आणि तिथे त्या बेलला लागतो तेवढ्याच व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. ते जमत नसेल तर बॅटरीवर चालणारी बेल घ्या.

घरात वयस्कर माणूस असेल तर मी जुनी वायरची बेल काढू देत नाही. तिची वायर भिंतीतूनच गेलेली असते, त्यामुळे भिंत कितीही जाड असो, काही फरक पडत नाही. आतल्या खोलीत ऐकू येत नसेल तर त्याच वायरीवर तिथे दुसरी बेल समांतर जोडता येते. आमच्या आईच्या खोलीत ती आहे, पलंगाच्या उशाशी.