दोन मायक्रोसेकंदांचा हिशेब
(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फळ्यावरचं सर्किट पाहा. हा व्होल्टेज-टू-फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेजच्या प्रमाणात वारंवारता देणारं सर्किट. येणारं व्होल्टेज २० किलोओमच्या रोधातून इंटिग्रेटरला जातं. त्याचा कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा आहे. आत १० व्होल्ट दिले की अर्धा मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि आउटपुट शून्यापासून एकसारखं खाली उतरत १०० मायक्रोसेकंदांत उणे ५ व्होल्टला पोचतं. तिथे कंपॅरेटर पलटतो, फेट स्विच कपॅसिटर रिकामा करतो आणि नवी फेरी सुरू होते. म्हणजे १० व्होल्टला १० किलोहर्ट्झ, १ व्होल्टला १ किलोहर्ट्झ. हे झालं कागदावर.

प्रत्यक्षात कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ लागतो. स्विचचा रोध ३० ओम धरला तर टाइम कॉन्स्टंट ०.३ मायक्रोसेकंद होतो. नीट रिकामा व्हायला त्याच्या सहापट, म्हणजे १.८ मायक्रोसेकंद द्यायचे. कंपॅरेटरचा उशीर ०.२ धरा. हे एकूण २ मायक्रोसेकंद प्रत्येक फेरीत वाया जातात, व्होल्टेज कितीही असो. १ व्होल्टला फेरी १००० ऐवजी १००२ ची होते, फरक ०.२ टक्के. १० व्होल्टला मात्र १०० ऐवजी १०२, आणि वारंवारता ९८०४ हर्ट्झवर येते.

कुणी म्हणेल, रोध थोडा बदलून १० व्होल्टला बरोबर १० किलोहर्ट्झ लावून घेऊ. तसं केलंत तर ५ व्होल्टला सुमारे ५०५० हर्ट्झ दिसतील. टोकं जुळली, पण मधली रेघ वाकडीच राहिली. हा वाक ट्रिमपॉट फिरवून जात नाही.

दोष कुठला हे ओळखायची खात्रीची रीत सांगतो. वारंवारता मोजा, तिचा व्यस्त काढून फेरीचा काळ मिळवा आणि तो 1/V समोर आलेखावर मांडा. बिंदू सरळ रेषेत आले आणि रेषा उभ्या अक्षाला २ मायक्रोसेकंदांवर कापत असेल, तर दोष याच वाया गेलेल्या वेळेचा.

उपाय मला फार देखणा वाटतो. कपॅसिटरच्या मालिकेत छोटा रोध टाका. स्विच मात्र फक्त कपॅसिटरवरच राहू द्या. त्या रोधावरच्या व्होल्टेजमुळे आउटपुट उंबरठ्यापर्यंत Rs·C इतकं लवकर पोचतं, आणि हा काळही इनपुटवर अवलंबून नसतो. २ मायक्रोसेकंद भागिले १० नॅनोफॅरड, म्हणजे २०० ओम. तपकीर गल्लीत सहज मिळणारा हा रोध बसवला की ती रेषा शून्यातून जाते.

आता खालचं टोक. इनपुट १० मिलिव्होल्ट असताना ऑप-अँपचा १ मिलिव्होल्ट ऑफसेट १० टक्के चूक करतो. २०० ओमचा रोध इथे उपयोगाचा नाही. ऑफसेट शून्यावर आणायची सोय असलेला किंवा मुळातच कमी ऑफसेटचा ऑप-अँप घ्यावा लागतो. शिवाय बंद स्विचमधून होणारी गळती उन्हाळ्यात वाढते, म्हणून मोजणी एप्रिलच्या दुपारीही करून पाहा.