व्ह्यूज तीस हजार, वॉच टाइम पाचशे तास

नमस्कार श्रोतेहो. ठाणे-नवी मुंबईत स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांची एक तक्रार हल्ली वारंवार कानावर येते: व्हिडिओ तर धावतोय, पण तास काही भरत नाहीत. आज या तक्रारीचा हिशेब मांडू. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या, आकडे सोपेच आहेत.

समजा, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कुणी हापूसच्या मोसमात एक व्हिडिओ केला. नाव दिलं, 'हापूसचा आजचा भाव'. लांबी 12 मिनिटं. पंधरा दिवसांत व्ह्यूज झाले 30 हजार आणि वॉच टाइम भरला 500 तास. पाचशे तासांची मिनिटं होतात 30 हजार. म्हणजे व्ह्यूमागे सरासरी एक मिनिट. बारा मिनिटांतली अकरा मिनिटं, सरासरीच्या भाषेत, कुणी पाहिलीच नाहीत.

दोन्ही आकड्यांचं नातं एवढंच आहे. व्ह्यूजला सरासरी पाहण्याच्या वेळेनं गुणलं की वॉच टाइम येतो. त्यामुळे तास कमी पडले, की व्ह्यूज वाढवणं किंवा ही सरासरी वाढवणं, एवढ्या दोनच वाटा उरतात. बहुतेक जण पहिलीच धरतात आणि लिंक आणखी पाच ग्रुपवर टाकतात. तिनं नेमकं काय होतं, ते आता बघा.

एक मिनिट हा आकडा फसवा आहे. खरंच एक मिनिट पाहून गेला असा माणूस त्या तीस हजारांत क्वचितच सापडेल. म्हणून यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचं अ‍ॅनालिटिक्स उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये जा आणि ट्रॅफिक सोर्स निवडा. प्रेक्षक कुठून आले, प्रत्येक वाटेनं किती व्ह्यूज आले, किती तास भरले आणि सरासरी किती पडली, हे तिथे एका ओळीत दिसतं. आपल्या उदाहरणात तिथे असं दिसलं असं धरू.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या लिंकवरून, म्हणजे एक्स्टर्नलमधून, 18 हजार व्ह्यूज. सरासरी 20 सेकंद. तास भरले 100.

यूट्यूबच्या होम पेजवरून 8 हजार. सरासरी दीड मिनिट. तास 200.

आणि यूट्यूबवर शोधून आलेले फक्त 4 हजार. सरासरी 3 मिनिटं. तास पुन्हा 200.

म्हणजे अठरा हजारांनी शंभर तास दिले आणि चार हजारांनी दोनशे. मार्केटातलाच दाखला द्यायचा तर पेटीला हात लावून पुढे सरकणारे अठरा हजार आणि थांबून घासाघीस करणारे चार हजार. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक पडते, माणूस ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभा असतो, कानात इअरफोन नसतो, अंगठा लागतो, व्हिडिओ सुरू होतो आणि पुढचं स्टेशन यायच्या आत बंद होतो. व्ह्यू मात्र मोजला गेलेला असतो. 'तीस सेकंद पाहिलं तरच व्ह्यू' असं सर्रास सांगितलं जातं. तो तीस सेकंदांचा हिशेब पैसे देऊन चालवलेल्या, वगळता येणाऱ्या जाहिरातींचा आहे, आपल्या साध्या व्हिडिओला तो लावू नका.

तेव्हा आणखी ग्रुपवर लिंक टाकली तर व्ह्यूज फुगतील, तास फारसे हलणार नाहीत आणि सरासरी आणखी खाली जाईल.

आता शोधून आलेल्या चार हजारांकडे वळू. हे लोक गरज घेऊन आलेले, तरी बारापैकी तीनच मिनिटं थांबले. का, ते ऑडियन्स रिटेन्शनचा आलेख सांगतो. कोणत्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले, याची ती रेघ असते. सुरुवातीला थोडी घसरण प्रत्येकच व्हिडिओत असते, तिला घाबरायचं कारण नाही. बघायचं ते दोन ठिकाणी. पहिलं, तिसावं सेकंद. तिथे किती टक्के प्रेक्षक उरले, हा आकडा स्टुडिओ वेगळा काढून देतो. दुसरं, रेघेवर मध्येच उठलेला उंचवटा.

आपल्या व्हिडिओत पहिली 50 सेकंदं चॅनेलचा लोगो, संगीत, मार्केटच्या गेटचं दृश्य आणि 'सबस्क्राइब करा'. भाव येतो 4 मिनिटं 10 सेकंदांना. रेघ तिसाव्या सेकंदापर्यंत कोसळते आणि 4:10 च्या आसपास टेकडीसारखी वर येते. टेकडीचा अर्थ असा की लोक बोटानं व्हिडिओ पुढे सरकवून तिथे उतरले, किंवा तेवढाच भाग पुन्हा पाहिला. नावात भाव दाखवला होता, तो शोधायला त्यांना खणावं लागलं. ज्यांना खणायचा कंटाळा आला ते निघून गेले.

यावर उपाय करताना व्हिडिओ काढून नव्यानं टाकू नका. काढलेल्या व्हिडिओचे तास कमाईच्या पात्रतेत धरले जात नाहीत, अनलिस्टेड किंवा प्रायव्हेट केलेल्याचेही नाहीत. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ट्रिम वापरा आणि ती पहिली 50 सेकंदं कापा. लिंक तीच राहते, व्ह्यूजही राहतात. एक अडचण लक्षात ठेवा: कमाईच्या कार्यक्रमात नसलेल्या चॅनेलचा व्हिडिओ एक लाख व्ह्यूजच्या पुढे गेला, की अशी काटछाट जतन करता येईलच असं नाही. म्हणून कात्री लवकर लावलेली बरी.

मग डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर द्या. पहिली वेळ 00:00 हवी, निदान तीन चॅप्टर हवेत आणि प्रत्येक किमान 10 सेकंदांचा. कापल्यामुळे सगळ्या वेळा 50 सेकंदांनी अलीकडे आल्या, भाव आता 3:20 ला आहे, हे विसरलात तर चॅप्टर भलतीकडेच नेतील.

पुढच्या व्हिडिओत भाव पहिल्या वीस सेकंदांतच सांगून टाका. 'मग थांबेल कोण?' असं वाटेल. नुसता आकडा हवा असलेला माणूस तसाही जाणारच असतो. पण लगेच पुढे सांगा की फळ मोठं असलं की पेटीत डझन कमी बसतात आणि म्हणूनच एकाच गाळ्यावर दोन पेट्यांचे भाव वेगळे असतात. मग खरेदीला निघालेला थांबतो. शिवाय 'आजचा भाव' हे नाव आठ दिवसांनी शिळं होतं. शोधातून लोक तेव्हाही येतात, तारीख बघतात आणि परत फिरतात. नावात तारीख घाला, किंवा 'हापूसची पेटी कशी निवडावी' असा न विटणारा विषय घ्या.

याचा हिशेब कमाईच्या पात्रतेत उतरतो. जाहिरातींच्या कमाईसाठी 1,000 सबस्क्रायबर आणि गेल्या 12 महिन्यांत 4,000 तास हा एक मार्ग आहे. चार हजार तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. सरासरी एक मिनिट असेल तर तेवढेच व्ह्यूज लागतील. सरासरी तीन मिनिटं झाली तर 80 हजारांत काम होतं.

शॉर्ट्सवाल्यांनी मात्र हे गणित लावू नये. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी व्ह्यू धरला जातो. त्यामुळे तिथला आकडा आणखी मोठा दिसतो. दोन लाख व्ह्यूज, सरासरी 12 सेकंद, असं असेल तर साडेसहाशेच्या वर तास होतात. ते स्टुडिओत दिसतातही, पण शॉर्ट्स फीडमधले तास त्या चार हजारांत धरत नाहीत. शॉर्ट्सची वाट वेगळी: 90 दिवसांत एक कोटी वैध व्ह्यूज. तिथे एंगेज्ड व्ह्यूज, म्हणजे शॉर्ट नुसता सुरू न होता माणूस थांबून पाहत राहिला असे व्ह्यूज, धरतात, म्हणून स्टुडिओत तोच रकाना उघडून बघा.