बढती नाकारायचीय? मेलमधलं कारणाचं वाक्य आधी तपासा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय. "बढती मिळतेय, पण दुसऱ्या शहरात जावं लागेल. मला नाही म्हणायचंय, पण साहेबांच्या मनातून उतरायचं नाही. मेल कसा लिहू?" आज तेवढंच बोलू.

सोप्या गोष्टी पटापट. आधी साहेबांशी बोला, मग मेल करा. तुमचं नाव बहुतेक वेळा त्यांनीच वर सुचवलेलं असतं. नकार त्यांना थेट मेलमधून कळला, तर वरच्यांसमोर त्यांची पंचाईत होते. मुदत संपायची वाट बघू नका, त्यांना दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं असतं. आणि हातात आलाय तो प्रस्ताव आहे की बदलीचा आदेश, हे नीट वाचा. नेमणूकपत्रात बदलीचं कलम असेल आणि आदेश निघाला असेल, तर नकार कळवून भागत नाही. तिथे विनंती करावी लागते, तो विषय वेगळा.

आता खरी अडचण. घोडं अडतं ते कारणाच्या वाक्यावर.

एका ताईंनी मला त्यांचा मसुदा पाठवला. त्यात होतं: "तिथलं घरभाडं परवडणार नाही, नव्या टीमचं काम मी केलेलं नाही, शिवाय मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, त्यामुळे सध्या जमेल असं वाटत नाही." खरं कारण फक्त मुलीचं. बाकीची दोन वजन वाढवायला घातलेली. आता हा मेल एचआरच्या नजरेने वाचा. भाडं परवडत नाही? भत्ता देतो. काम नवीन आहे? प्रशिक्षण देतो. दोन अडचणी सुटल्या, आता काय म्हणणार? तिसरं कारण खरं असूनही सबब वाटायला लागतं. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ही अडचण कंपनीने उद्या सोडवली, तर मी जाईन का? उत्तर "नाही" असेल, तर ते कारण मेलमध्ये नको. उत्तर "हो" असेल, तर तुम्हाला नकार द्यायचाच नाहीये, अटींवर बोलायचंय. मग तसा मेल लिहा.

दुसऱ्या बाजूने बघा. "नव्या टीमचं काम मी केलेलं नाही" हे तुम्ही नम्रतेने लिहिता, पण ते लेखी राहतं. पुढच्या वर्षी तेच पद तुमच्याच कार्यालयात निघालं, तर हा मेल कुणीतरी उघडणार. स्वतःच्या कुवतीबद्दल शंका घेणारी ओळ नकाराच्या मेलमध्ये लिहूच नका, मी हात जोडून सांगतेय.

काहीजण कमेंटमध्ये म्हणतात, "कारण द्यायचंच कशाला?" देणं बंधनकारक नाही, मान्य. पण कारण दिलं नाही की समोरचा ते स्वतः भरतो, आणि पहिली शंका येते ती ही, की हा माणूस दुसरीकडे नोकरी बघतोय. तपशील नको. आजारपण, घरातल्या गोष्टी उघड करायची गरज नाही. "कौटुंबिक जबाबदारी" एवढंही पुरतं. एक कारण, एक ओळ.

"सध्या जमेल असं वाटत नाही" यात तर नकारच नाहीये! वाचणारा समजतो, अजून थोडं मनवलं तर येतील. मग फोन सुरू होतात, आणि चौथ्या फोनला तुम्ही चिडता. नकार दुसऱ्याच वाक्यात, स्पष्ट.

ताईंचा मेल आम्ही असा केला:

"विभागप्रमुख पदासाठी माझा विचार केलात, याबद्दल मनापासून आभार. काल बोलल्याप्रमाणे, स्थलांतर करावं लागणार असल्याने मी हे पद स्वीकारू शकत नाही. मुलीचं शाळेचं हे शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी तिची परीक्षा झाल्यावर मी दुसऱ्या शहरात जायला तयार आहे. दरम्यान इथल्या कार्यालयात वरच्या जबाबदारीचं काम निघालं, तर ते करायला मला आवडेल. नव्या विभागप्रमुखांना आपल्या ग्राहकांची माहिती मी करून देईन."

"भविष्यात माझा जरूर विचार व्हावा" असं आम्ही लिहिलं नाही, कारण त्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. इथे कधी, कुठे, कसलं काम, तिन्ही आहे. अर्थात, ते खरं असेल तरच लिहा. तुम्हाला कधीच शहर सोडायचं नसेल, तर "पुढच्या वर्षी"ची ओळ काढा आणि फक्त इथल्या कामाची ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी प्रस्ताव येईल, दुसऱ्यांदा नकार द्याल, आणि तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही.

आणि ती परीक्षा संपली की साहेबांनी आठवण ठेवावी अशी अपेक्षा करू नका. याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी तुम्हीच पाठवा: आता मी तयार आहे, काही निघालं तर कळवा.