थरथर आणि पोहणे: जिवाणूंच्या हालचालीची परीक्षा

(सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर आणि प्रयोगशाळा-तंत्रज्ञांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आज मी एकाच नमुन्याबद्दल बोलणार आहे. समजा, लघवीच्या कल्चरमधून मॅकॉन्की आगरवर मोठ्या, गुलाबी, चिकट वसाहती उगवल्या आहेत. पाहताक्षणी मनात क्लेब्सिएला येते. क्लेब्सिएला म्हणजे न पोहणारा, हे आपल्यापैकी अनेकांनी पाठ केलेले असते. पण 2017 साली एंटेरोबॅक्टर एरोजेनिसचे नाव बदलून क्लेब्सिएला एरोजेनिस झाले, आणि हा जिवाणू पोहतो. त्यामुळे आता या वंशाचे नाव घेतले म्हणून हालचालीचा प्रश्न सुटत नाही. समोरचा जिवाणू न्यूमोनी आहे की एरोजेनिस, हे ठरवताना तो पोहतो का हे पाहावेच लागते.

त्यासाठी ताजे कल्चर हवे. वसाहतीचा अंश ब्रॉथमध्ये टाकून 37 अंशांवर चार-पाच तास ठेवा, किंचित गढूळपणा आला की पुरे. रात्रभर, त्यातही साखर असलेल्या माध्यमात वाढलेले जिवाणू आम्लात आणि उपासमारीत मंदावतात. शिवाय ब्रॉथ जोराने ढवळू नका, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवू नका. फ्लॅजेला तुटतात, आणि पोहणारा जिवाणू निश्चल दिसतो.

कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलीन लावा आणि मधोमध वायरलूपने लहानसा थेंब ठेवा. त्यावर खोलगट स्लाइड पालथी घालून हलके दाबा, आणि सगळे एका झटक्यात उलटे करा. आता थेंब खड्ड्यात लोंबकळतो. 10 एक्सच्या लेन्सने थेंबाची कड शोधा. पारदर्शक थेंबात नजरेला धरायला काहीच नसते, कड मात्र स्पष्ट रेघेसारखी दिसते. कडेला ऑक्सिजनही जास्त मिळतो, म्हणून पोहणारे तिथे अधिक जोमात असतात. मग 40 एक्सवर जा. कन्डेन्सर खाली घ्या, डायफ्रॅम बराचसा मिटा. न रंगवलेला जिवाणू भरपूर उजेडात दिसतच नाही. बहुतेकांचा वेळ इथेच जातो.

आता दृश्य समोर आले, आणि सगळेच्या सगळे जिवाणू हलताहेत! नवा विद्यार्थी लगेच म्हणतो, "सर, मोटाइल आहे." त्याचे डोळे खोटे सांगत नाहीत. ते खरेच हलताहेत. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी त्यांना सतत धडका देत असतात, आणि इतक्या लहान कणावर क्षणाक्षणाला त्या धडका समतोल पडत नाहीत. मेलेला जिवाणूही असाच थरथरतो. 1827 साली रॉबर्ट ब्राउन यांना परागकणांमधून निघालेल्या सूक्ष्म कणांत ही थरथर दिसली. ती सजीवपणाची खूण असावी का, हे तपासण्यासाठी त्यांनी काचेची पूड पाहिली, दगडांची पूड पाहिली, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सच्या दगडाचा कणसुद्धा पाहिला. सगळे थरथरत होते. तेव्हा थेंबातली नुसती हालचाल पाहून जिवाणू पोहतो असे म्हणता येत नाही.

तो कुठे जातो हे पाहावे लागते, आणि ते मोजताही येते. साधारण 1 मायक्रॉनचा कण खोलीच्या तापमानाच्या पाण्यात थरथरत एका सेकंदात सरासरी दीड मायक्रॉनच्या आसपास सरकतो. दहा सेकंद पाहिले तर दहापट अंतर होत नाही, चार-साडेचार मायक्रॉनच होते. थरथरीला दिशा नसते, म्हणून तिचे अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढते. त्याउलट ई. कोलायसारखा पोहणारा जिवाणू सेकंदाला 20-30 मायक्रॉन जातो. तो साधारण सेकंदभर सरळ धावतो, क्षणभर गडबडतो आणि नव्या दिशेने निघतो. अशी वळणे घेऊनही दहा सेकंदांत तो आपल्या लांबीच्या कित्येक पट दूर पोचलेला असतो.

म्हणून माझा आग्रह असा, की सगळ्या गर्दीकडे पाहू नका. एक जिवाणू निवडा, त्याच्या शेजाऱ्याच्या संदर्भात त्याची जागा लक्षात ठेवा आणि दहा सेकंद त्याच्यावरून नजर हलवू नका. तो शेजाऱ्याला ओलांडून गेला, आणि दुसरा निराळ्या दिशेने गेला, तर ते पोहणे. दोघेही जागच्या जागी धडपडत राहिले, तर थरथर. आणि सगळेच एका दिशेने, एका वेगाने वाहत असतील, तर तो प्रवाह. व्हॅसलीनमध्ये फट राहिली की थेंब सुकतो आणि हा प्रवाह सुरू होतो. नुकत्याच ठेवलेल्या थेंबातही तो असतो, म्हणून एक-दोन मिनिटे थांबून बघा. थेंबातला निर्जीव कचराही बरोबर वाहत असेल, तर शंका उरत नाही.

सगळ्यात भक्कम तुलना म्हणजे त्याच कल्चरचा, फॉर्मॅलिनने मारलेल्या जिवाणूंचा दुसरा थेंब. दोन्ही थेंब सारखेच थरथरत असतील, तर उत्तर मिळाले. कॉलऱ्याच्या जिवाणूबाबत हीच कल्पना वेगळ्या रूपात वापरतात. थेंबात बाणासारखे सुटणारे व्हिब्रिओ दिसले, की त्यात ओ1 प्रतिरक्तद्रव टाकतात. धाव थांबली, तर ते ओ1 गटाचे असल्याचा भक्कम पुरावा मिळतो.

आपल्या नमुन्यात दहा-बारा जिवाणू एकेक करून पाहिले, एकही शेजाऱ्याला ओलांडून गेला नाही. तरीही मी एवढ्यावर "पोहत नाही" असे लिहिणार नाही. थेंबातले नकारार्थी उत्तर कच्चे असते. ऑक्सिजन संपला, स्लाइड थंड पडली, कल्चर जुने झाले, तरी पोहणारे गप्प बसतात. होकारार्थी उत्तर मात्र दोन-चार जिवाणूंनीही मिळते, बाकीचे स्वस्थ असले तरी चालते.

म्हणून दुसरी परीक्षा अर्धघट्ट आगरची. सुमारे 0.4 टक्के आगर नळीत उभे ठेवून घट्ट होऊ देतात. सरळ तारेने कल्चर घेऊन मध्यभागी दोन-तृतीयांश खोलीपर्यंत एकदाच टोचतात आणि तार त्याच वाटेने बाहेर काढतात. एका जिवाणूची निव्वळ थरथर, मोकळ्या पाण्यातसुद्धा, चोवीस तासांत एका दिशेला त्याला जेमतेम 0.3 मिलिमीटर नेते, आणि इथे तर आगरची जाळी आडवी येते. पोहणारा मात्र त्या जाळीतून वाट काढत खात-वाढत पसरतो आणि रेषेभोवती ढगासारखा गढूळपणा दिसतो. न पोहणाऱ्याची वाढ टोचलेल्या रेषेवरच, काठ स्पष्ट राखून, राहते.

फसवणूक इथेही आहे. तार काढताना हात हलला की खोटा पंखा दिसतो. वायू तयार होऊन आगर फाटले, तर भेगांतून वाढ शिरते. आगर जास्त घट्ट असेल तर पोहणाराही अडतो. टीटीसी रंगद्रव्य घातले तर वाढ लाल दिसते आणि वाचणे सोपे होते, पण काही जिवाणूंची वाढच त्याने खुंटते. प्रत्येक वेळी एक न टोचलेली नळी, एक प्रोटियसची आणि एक खात्रीच्या क्लेब्सिएला न्यूमोनीची नळी शेजारी उजेडात धरूनच वाचन करा. स्यूडोमोनास एरुजिनोसा ऑक्सिजन सोडत नाही, त्याचा ढग वरच्याच भागात राहतो. तोही होकारच समजायचा.

तापमानाकडे तर अनेकदा कोणाचे लक्षच जात नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस 37 अंशांवर सहसा फ्लॅजेला बनवत नाही. 20 ते 25 अंशांवर ठेवलेल्या नळीत मात्र पृष्ठभागाखाली थोड्या अंतरावर त्याची छत्री उमलते. यर्सिनिया एंटेरोकोलिटिकाही 25 अंशांवर पोहतो, 37 वर नाही. अशा जिवाणूंची शंका असेल तर दोन नळ्या टोचा, एक इनक्युबेटरमध्ये आणि एक थंड जागेत.

आपल्या नळीत चोवीस तासांनी रेषेवर जाड, चिकट वाढ आहे आणि बाजूचे आगर स्वच्छ आहे. आणखी चोवीस तास ठेवले, तरी तेच. प्रोटियसची नळी मात्र पूर्ण गढूळ झाली आहे, म्हणजे माध्यम ठीक आहे. युरिएज होकारार्थी आले, ऑर्निथीन नकारार्थी. एरोजेनिसमध्ये हे दोन्ही निकाल सहसा उलटे येतात, आणि तो पोहतो. या दोघांपैकी हा क्लेब्सिएला न्यूमोनी ठरतो.