देवी टोचणारे आधी आले, जेनर नंतर

नमस्कार श्रोतेहो. आज लसीबद्दल बोलायचंय, म्हणजे जगातल्या पहिल्या लसीबद्दल, देवीच्या. ती गोष्ट आपल्याला शाळेत साधारण अशी सांगतात की जेनर नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता, त्याने गवळणींचे हात बघितले, त्याला आयडिया सुचली आणि झालं. मला ही गोष्ट अर्धीच वाटते, कारण जेनरला आपली लस चालते हे सिद्ध करता आलं ते एका जुन्या पद्धतीमुळे, आणि ती पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे, चीनमध्ये, तुर्कस्तानात चालूच होती.

देवी आलेला माणूस वाचला तर त्याला परत देवी येत नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं, त्यासाठी डॉक्टर असायची गरज नव्हती. मग लोकांनी असा विचार केला की येणारच आहेत तर आपणच आणू, आपल्या सोयीने, मूल धडधाकट असताना. चीनमध्ये फोडांच्या वाळलेल्या खपल्यांची पूड करून नाकात फुंकायचे. बंगालात टीकादार, म्हणजे देवी टोचणारे लोक असायचे, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हॉलवेल नावाच्या एका सर्जनने १७६७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांसाठी त्यांचं काम बारकाईने लिहून ठेवलंय. हे लोक साथीचा सीझन सुरू व्हायच्या आधीच गावोगाव निघायचे, दंडावर आधी फडक्याने आठ-दहा मिनिटं चोळायचे, मग बारीक ओरखडे काढायचे, आणि त्यावर फोडातल्या द्रवात भिजवलेला कापूस गंगेच्या दोन-तीन थेंबांनी ओला करून बांधायचे. तो द्रव कुठला, तर गेल्या वर्षी टोचलेल्या लोकांच्या फोडातला, साथीत आजारी पडलेल्या माणसाचा नाही. शिवाय महिनाभर मासे, दूध, तूप बंद. पथ्याचा उपयोग किती कोण जाणे, पण गेल्या वर्षीचा द्रव वापरायचा ही गोष्ट मला फार हुशारीची वाटते.

आता टोचून आलेल्या देवी सौम्य का असायच्या? रोग एरवी श्वासातून आत जातो आणि लक्षणं दिसायला साधारण बारा दिवस लागतात, तोवर तो शरीरात आतल्या आत पसरलेला असतो. कातडीतून थोडासा गेला की आधी तिथेच फोड येतो, शरीराला लवकर चाहूल लागते आणि तयारीला वेळ मिळतो. आकडे बघायचे तर बोस्टनला १७२१ मध्ये मोठी साथ आली. तिथल्या कॉटन मॅदर नावाच्या पाद्रीला त्याच्या ओनेसिमस या आफ्रिकन गुलामाने सांगितलं होतं की आमच्याकडे हे करतात, माझंही झालंय. बॉयल्स्टन नावाच्या डॉक्टरने हिंमत केली आणि सुमारे अडीचशे लोकांना टोचलं, त्यातले सहा गेले. आपोआप देवी आलेल्यांमध्ये साधारण सातातला एक जात होता. इंग्लंडमध्येही त्याच वर्षी हे सुरू झालं, मेरी मॉन्टॅग्यू या बाईंमुळे, त्यांनी तुर्कस्तानात असताना आपल्या मुलाला टोचून घेतलं होतं आणि लंडनला परतल्यावर मुलीलाही टोचलं.

पण यात एक मोठी गोची होती. टोचलेल्याला येणाऱ्या देवी सौम्य असल्या तरी त्या खऱ्याच देवी, त्यामुळे त्याच्यापासून शेजाऱ्याला लागण व्हायची आणि शेजाऱ्याला ती सौम्य होईलच असं काही नाही, म्हणजे तुम्ही वाचला पण गल्लीत साथ सुरू करून दिलीत. शिवाय पन्नासातला एखादा टोचल्यामुळेच मरायचा. जेनर स्वतः आठ वर्षांचा असताना हे भोगून गेला होता, आणि तेव्हाच्या इंग्लिश डॉक्टरांना तयारीचं भलतंच वेड, आठवडेच्या आठवडे पोराचं रक्त काढायचं, जुलाब द्यायचे, उपाशी ठेवायचं.

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडच्या ग्रामीण भागात डॉक्टर घरोघर देवी टोचत फिरायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काही शेतकरी आणि गवळणी असतात ज्यांना कितीही टोचा, फोडच धरत नाही. विचारलं तर उत्तर यायचं की मला मागे गायीच्या देवी होऊन गेल्यात, म्हणजे गायीच्या सडावर येणारे फोड दूध काढताना हाताला लागले होते. फ्यूस्टर नावाचा थॉर्नबरीचा सर्जन हे १७६० च्या दशकातच बोलत होता. १७७४ मध्ये जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर सरळ गायीच्या फोडातला द्रव बायकोला आणि दोन पोरांना सुईने टोचला, सायंटिस्ट वगैरे काही नव्हता, साथ आली होती म्हणून घाबरला होता. मग जेनरचं वेगळेपण काय? त्याने तपासणी केली, आणि तपासणीचं साधन होतं तीच जुनी टोचणी.

१४ मे १७९६ ला त्याने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि आपल्या माळ्याचा आठ वर्षांचा मुलगा जेम्स फिप्स, त्याच्या दंडावर दोन उथळ चिरा देऊन त्यात घातला. सातव्या दिवशी काखेत दुखायला लागलं, नवव्या दिवशी थोडी थंडी, डोकं दुखलं, जेवावंसं वाटेना, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा ठणठणीत. मग १ जुलैला जेनरने त्याला खऱ्या देवी टोचल्या, गावोगाव टोचायचे तशाच. काही झालं नाही. काही महिन्यांनी परत टोचल्या, तरी काही नाही. आज कोणी असं पोराच्या अंगावर करून बघितलं तर जेलमध्ये जाईल, पण त्या काळी देवी टोचणं ही नेहमीची गोष्ट होती, म्हणून ही टेस्ट शक्य झाली, नाहीतर पुढची साथ येईपर्यंत वाट बघत बसावं लागलं असतं.

एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, रॉयल सोसायटीने त्याचा लेख परत पाठवला. आणि पुढे अडचण अशी की गोठ्यांत गायीच्या देवीच दिसेनात, १७९८ च्या वसंतापर्यंत थांबावं लागलं. तेव्हा त्याने गायीवरून एका मुलाला टोचलं, त्या मुलाच्या दंडावरून दुसऱ्याला, त्याच्यावरून तिसऱ्याला अशी साखळी लावली, आणि साखळीतल्या काहींना पुन्हा खऱ्या देवी टोचून बघितल्या. धरल्या नाहीत. म्हणजे दर वेळी गाय शोधायची गरज नाही, माणसाकडून माणसाकडे लस नेता येते. हे त्याने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढून छापलं. एक मात्र त्याचं चुकलं, हे संरक्षण जन्मभर टिकतं असं त्याला वाटायचं, ते टिकत नाही, काही वर्षांनी परत टोचावं लागतं हे पुढे कळलं.

आणि ही साखळी मुंबईपर्यंत आली. द्रव दोऱ्यांवर वाळवून पाठवला की उन्हाने वाटेतच खराब व्हायचा, त्यामुळे व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद, बसरा असा टप्प्याटप्प्याने, मध्ये लोकांना टोचत टोचत तो आणावा लागला. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर तो धरला. आठवड्याने तिच्या दंडावरून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि लस भारतात पुढे पसरली ती या मुलांपासून.