एक बाई, दोन क्रेडिट रिपोर्ट

[दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन रिपोर्ट. नावांवर पट्टी.]

हे दोन्ही रिपोर्ट लोकांच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या एकाच संस्थेचे, म्हणजे क्रेडिट ब्युरोचे आहेत आणि एकाच बाईचे आहेत. ब्युरोच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या बाया. खरी नावं आम्ही झाकली आहेत. समजायला सोपं जावं म्हणून पहिलीला वैशाली दत्तात्रय शिंदे म्हणू आणि दुसरीला वैशाली अमोल गायकवाड.

आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव बदलत नाही. मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. कुठे कुठे पाटावर ठेवलेल्या ताटातल्या तांदळात अंगठीनं पहिलं नावसुद्धा नवीन लिहितात. म्हणजे तीन शब्दांच्या नावातले दोन शब्द एका दिवसात बदलतात, कधी तिन्ही. नाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कायदा आपल्या देशात नाही. तरी बदलायचं ते तिनंच, आणि त्यानंतर खिडक्यांसमोर उभं राहायचं तेही तिनंच.

[दृश्य: स्कूटरचं आरसी बुक, कर्ज फिटल्याचा दाखला]

वैशालीनं लग्नाआधी स्कूटरसाठी कर्ज काढलं होतं. पॅन कार्ड तेव्हा तिच्याकडे नव्हतं. मतदार ओळखपत्रावर काम झालं. हप्ते वेळेवर गेले, कर्ज फिटलं, फायनान्स कंपनीनं हा ना हरकत दाखला दिला. पुढे नोकरी लागली, पॅन निघालं, लग्न झालं. नव्या नावानं क्रेडिट कार्ड आलं, फ्रिजचे हप्ते सुरू झाले. पत्ता बदलला, मोबाइल नंबरही बदलला.

आता ब्युरोच्या संगणकाकडे बघा. तो माणूस ओळखतो तो नाव, जन्मतारीख, पॅन किंवा दुसरं ओळखपत्र, पत्ता आणि फोन नंबर जुळवून. पॅन दोन्हीकडे असतं तर आडनाव बदलूनही बहुधा जुळलं असतं. इथे स्कूटरच्या नोंदीत पॅनच नाही. जुळतात ते फक्त पहिलं नाव आणि जन्मतारीख. तेवढ्यावर संगणक दोन नोंदी एक करत नाही. चुकून दुसऱ्याच वैशालीचं कर्ज हिच्या नावावर चढू नये म्हणून तो तसा सावध असतो. म्हणून वर्षानुवर्षं वेळेवर भरलेले हप्ते शिंदेंच्या खात्यात पडून राहिले, आणि गायकवाडांच्या रिपोर्टमध्ये जेमतेम वर्षभराचा इतिहास उरला.

गृहकर्जाचा अर्ज यामुळे लांबला आणि ठरवलेला फ्लॅट गेला.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर अर्ज भरणारी बोटं]

आपला रिपोर्ट असा दुभंगलाय का, हे घरबसल्या कळतं. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. वैशालीनं सिबिलचा रिपोर्ट दोनदा काढला. एकदा नवं नाव आणि पॅन टाकून, एकदा माहेरचं नाव आणि मतदार ओळखपत्राचा नंबर टाकून. जुना मोबाइल नंबर माहेरी आईच्या फोनमध्ये चालू होता, त्यामुळे ओटीपी तिथे आला आणि आईनं तो फोनवर वाचून दाखवला. लग्नानंतर जुनं सिमकार्ड घाईनं बंद करू नका, हे आम्हाला या चित्रीकरणातच उमगलं.

[दृश्य: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, जवळून]

दुरुस्तीची सुरुवात या कागदापासून. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेनं दिलेलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नपत्रिका पॅनसाठी चालते, बँकेत तिच्यावर विसंबू नका. पहिलं नावही बदललं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेणं जास्त पक्कं.

त्यानंतर आधार. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग अक्षर अक्षर तपासून द्या. Gaikwad की Gaikawad हे तिथेच ठरवा आणि पुढे सगळीकडे तेच चालवा. मग पॅनवरच्या नावाची दुरुस्ती. आधारवर नवं नाव आलेलं असलं की पॅनचा ऑनलाइन अर्ज अडत नाही. पॅनचा नंबर बदलत नाही, आणि बदलायला जाऊही नका, कारण दुसरं पॅन काढणं कायद्यानं चूक आहे. इथे आणखी एक गोष्ट अनेकजणी चुकतात. पॅनवर वडिलांच्या नावाच्या रकान्यात लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं. तिथे नवऱ्याचं नाव लिहिलं, की एक नवी तफावत तयार होते.

[दृश्य: बँकेची खिडकी, हातात फाइल]

बँकेत सांगतात, आधी आधार बदलून आणा, मगच या. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमात तसं नाही. ओळखपत्र जुन्या नावाचं असलं, तरी सोबत राज्य शासनाचं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडलं, की ते ओळखपत्र ग्राह्य धरायचं असतं. हे खिडकीवर शांतपणे सांगा. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या.

[दृश्य: फायनान्स कंपनीच्या शाखेचा जिना]

सगळ्यात चिवट काम इथलं, कारण हे कर्ज कधीच बंद झालंय. इथल्या माणसानं वैशालीला आधी ब्युरोकडे जायला सांगितलं. ब्युरो मात्र कर्जाची नोंद स्वतःहून बदलू शकत नाही. ज्या संस्थेनं ती पाठवली, तिनंच ती दुरुस्त करून पुन्हा पाठवायची असते. कर्ज फिटलेलं असलं तरीही. म्हणून वैशालीच्या अर्जात एकच स्पष्ट मागणी होती: या कर्ज क्रमांकाच्या नोंदीत माझा पॅन घाला. सोबत ना हरकत दाखला, मतदार ओळखपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि पॅन. जुनं नाव पुसा, असं तिनं लिहिलं नाही. ते पुसायची गरजही नसते. रिपोर्टमध्ये दोन्ही नावं राहिली तरी चालतात, फक्त दोन्ही एकाच पॅनखाली यायला हवीत.

त्याच दिवशी तिनं सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. दोन्ही रिपोर्टांवर छापलेले कंट्रोल नंबर दिले आणि दोन्ही नोंदी आपल्याच आहेत असं लिहिलं. अशी तक्रार 30 दिवसांत निकाली निघायला हवी. त्यातले 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. मुदत उलटली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी फायनान्स कंपनीला दिलेल्या अर्जाचीही तशीच शिक्का मारलेली प्रत लागते.

[दृश्य: पडद्यावर नवा रिपोर्ट. स्कूटरच्या कर्जाची ओळ.]

ही ओळ आता गायकवाडांच्या रिपोर्टमध्ये आली आहे. हे झालं एका ब्युरोचं. फायनान्स कंपनी दुरुस्त नोंद चारही ठिकाणी पाठवते, पण दोन नोंदी जोडायचं काम प्रत्येक ब्युरो आपापलं करतो. उरलेल्या तिघांचे रिपोर्ट वैशालीनं मागवले आहेत.